आबांचा उजवा हात मांडीवर थरथरतो, कात्री धरली की थांबतो

जाई_कराड

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आबा (माझे वडील) ७१ वर्षांचे आहेत. पन्नासेक वर्षं शिवणकाम केलं, अजूनही दुकानात जाऊन बसतात. गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. पण कसा, ते नीट सांगते, कारण इथेच आमचा सगळ्यांचा गोंधळ होतोय. टीव्ही बघताना हात मांडीवर मोकळा पडलेला असला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत राहतात, बोटांत विडीची तंबाखू चुरत असल्यासारखी. त्याच हाताने कात्री उचलली की थरथर बंद! कापड सरळ रेषेत कापतात. म्हणून घरात सगळे म्हणाले की काही नाही, अशक्तपणा आहे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही बी-१२ ची इंजेक्शनं दिली. फरक नाही.

बाकी काही गोष्टी सुट्या सुट्या दिसत होत्या. उजवा खांदा आखडला म्हणून वर्षभर शेक आणि व्यायाम झाले. फ्रोझन शोल्डर सांगितलं होतं. चालताना उजव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना ते कळतही नाही. शर्टाची वरची दोन बटणं लावायला आईला हाक मारतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली त्यांनी, हे मला बघवत नाही.

परवा दुकान आवरताना मापांच्या जुन्या वह्या हातात आल्या. २०१९ च्या वहीत 'छाती', 'बाही', 'कॉलर' असे टपोरे शब्द, दोन ओळी व्यापणारे. यंदाच्या वहीत ओळीची सुरुवात बरी, पण शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं होत जातं. एका गिऱ्हाइकाचं माप त्यांना स्वतःलाच वाचता आलं नाही, फोन करून परत बोलवावं लागलं.

हे पार्किन्सन्स असेल का? आणि असेल तर पुढे काय काय वाढून ठेवलंय, तेही सांगा. खोटा दिलासा नको.

नीलमोहर

जाई, माझंही अगदी असंच आहे गं! मी ४६ची. चहाचा कप तोंडाकडे नेला की हात थरथरतो, बशीत सांडतो. लग्नाकार्यात पंगतीत आमटी वाढायची तर मी पुढेच होत नाही. माझ्या आईची मानही 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलायची. आता तुझं वाचून पोटात गोळा आला. मलाही तपासून घ्यायला हवं का?

शरद_वै

हात थरथरतो म्हणजे कंपवातच, यात शंका नको. आपल्याकडे खाजकुयलीचं बी, म्हणजे कवचबीज, यावर पूर्वापार देतात आणि त्यात तेच औषध आहे जे गोळीत असतं. एक महत्त्वाचं सांगतो. डॉक्टर लेव्होडोपाची गोळी देतील, ती लगेच सुरू करू नका. ती पाचच वर्षं लागू पडते, मग उपयोग संपतो. जितकी लांबवता येईल तितकी लांबवा. माझ्या चुलत्यांनी लवकर सुरू केली आणि सहाव्या वर्षी अंग वेडंवाकडं हलायला लागलं.

कृष्णाकाठ

मी फिजिशियन आहे, तीस वर्षं याच भागात प्रॅक्टिस करतोय. निदान न्यूरॉलॉजिस्टने प्रत्यक्ष बघूनच करायचं, हे धरून चाला.

आधी नीलमोहर यांना. तुमचं आणि आबांचं अजिबात 'असंच' नाही, उलट आहे. तुमचा हात काम करताना थरथरतो, आबांचा स्वस्थ असताना. तुमच्याकडे आईपासून चालत आलंय आणि मानही हलायची. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात आणि तो पार्किन्सन्सपेक्षा बराच जास्त आढळतो. एकदा दाखवा, थायरॉईड तपासून घ्या, पण घाबरून नाही.

जाई, तुम्ही जे लिहिलंय ते फार नेमकं आहे, विशेषतः वह्यांचं. त्या वह्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आजार कधीपासून आहे याचा इतका चांगला पुरावा मी क्वचित पाहिलाय. खांद्याचंही तेच. हात आखडतो, चालताना झुलत नाही, मग खांदा दुखतो आणि महिनोन्महिने खांद्यावरच उपचार होत राहतात. हे फार वेळा घडतं.

घरी एक बघा. आबांना अंगठा आणि तर्जनी जमेल तितकी फाकवून भराभर टिचक्यांसारखी आपटायला सांगा, पंधरा-वीस वेळा, आधी डाव्या हाताने, मग उजव्या. थरथर बघू नका. बोटांमधलं अंतर हळूहळू कमी होतंय का, मध्येच अडखळतंय का, ते बघा. हालचालीचं हे आक्रसणं म्हणजे या आजाराचा गाभा आहे, थरथर नव्हे. थरथर अजिबात नसलेले पार्किन्सन्सचे रुग्णही असतात, म्हणून शरदराव, 'थरथर म्हणजे कंपवात' हे दोन्ही बाजूंनी चुकतं.

आता दोन प्रश्न. आबा सध्या कोणकोणत्या गोळ्या घेतात? पित्ताची, गॅसची, चक्करेची, झोपेची, सगळ्या लिहा. दुसरं, त्यांचं नाक आणि झोप कशी आहे?

जाई_कराड

डॉक्टर, खूप आभार. टिचक्या करून पाहिल्या. डाव्या हाताने ठीक. उजव्या हाताने पहिल्या पाच-सहा मोठ्या, मग बोटं जवळजवळ चिकटलीच. आबांनाही ते दिसलं. काही बोलले नाहीत.

गोळ्या: रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन ५. सकाळी उपाशीपोटी पित्ताची कॅप्सूल, तिच्यावर पँटोप्राझोल ४० आणि लेव्होसल्पिराइड ७५ असं लिहिलंय. ती १४ दिवसांसाठी दिली होती, पण बरं वाटलं म्हणून तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणत गेले. दहा-अकरा महिने झाले असतील.

नाक आणि झोपेचं का विचारलंत कळलं नाही, पण आईला विचारलं तर तिने भडाभडा सांगितलं. २०१८ च्या दिवाळीत चिवड्याचे शेंगदाणे करपून घरभर धूर झाला होता, आबा शेजारीच बसलेले आणि त्यांना पत्ता नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी ओळखत नाहीत. झोपेचं तर मला माहीतच नव्हतं. सहा-सात वर्षांपासून ते झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. एकदा आईच्या बरगडीत बसली. सकाळी विचारलं तर म्हणाले की स्वप्नात कुत्रं अंगावर आलं होतं. तेव्हापासून आई खाली गादी टाकून झोपते. आम्हाला इतक्या वर्षांत सांगितलं नाही तिने.

कृष्णाकाठ

तुमच्या या उत्तरात दोन वेगवेगळे धागे आहेत, ते वेगळे करून सांगतो.

पहिला त्या कॅप्सूलचा. पँटोप्राझोलचा यात काही दोष नाही. लेव्होसल्पिराइड जठर लवकर रिकामं व्हावं म्हणून देतात, पण ते डोपामिनची, म्हणजे हालचालींचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाची, वाट अडवतं, आणि पोटात अडवतं तसंच मेंदूतही. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशीच कमी होतात. इथे डोपामिन असतं, पण त्याला दार बंद. बाहेरून चित्र सारखंच दिसतं: थरथर, ताठरपणा, मंद चाल. वयस्कर माणसांनी ही गोळी महिनोन्महिने घेतली की असं होऊ शकतं. उलटीची मेटोक्लोप्रमाइड, चक्करेच्या प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन यांचंही तेच. पेशंट थरथर सांगतो, पण 'पित्ताची साधी गोळी' सांगतच नाही, कारण ती त्याच्या लेखी औषधच नसते. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून ती थांबवा, साधी पँटोप्राझोल चालेल.

दुसरा धागा नाकाचा आणि झोपेचा. वास जाणं, स्वप्नात हातपाय झाडणं, हट्टी बद्धकोष्ठता या गोष्टी पार्किन्सन्समध्ये थरथरीच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. कोविडनंतर वास गेलेला असता तर मी त्याला महत्त्व दिलं नसतं, पण तुमच्या आईंनी २०१८ सांगितलं. नुसत्या गोळीमुळे झालेल्या त्रासात वास सहसा शाबूत असतो. आणि गोळीचा त्रास बहुधा दोन्ही बाजूंना होतो, आबांचा एका बाजूचा आहे. अक्षर लहान होणं कोणत्या महिन्यापासून दिसतं, गोळीच्या आधी की नंतर?

जाई_कराड

आत्ता वह्या घेऊन बसले होते. गोळी सुरू होण्याच्या साधारण दीड वर्ष आधीपासून ओळीचा शेवट बारीक व्हायला लागलाय. थरथर मात्र गोळी सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी आली.

कृष्णाकाठ

मग माझा अंदाज असा की आतमध्ये आजार हळूहळू चालू होता आणि गोळीने त्याला वेळेआधी उघड्यावर आणलं. गोळी थांबवल्यावर काही भाग मागे जाईल, काही राहील. किती, ते आज कोणी सांगू शकत नाही. काही आठवडे ते काही महिने लागतात, सहा महिनेही लागू शकतात. घाईने निष्कर्ष नको. एमआरआय सांगतील, तो 'नॉर्मल' आला तरी पार्किन्सन्स नाही असं ठरत नाही. तो दुसरं काही नाही ना, एवढं बघायला असतो. एक मात्र लक्षात ठेवा. पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच वारंवार पडायला लागले, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. तेव्हा आजार दुसऱ्या जातीचा असू शकतो.

शरदराव, खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं हे तुमचं खरं आहे. पण कोणत्या पुडीत किती, याचा भरवसा नसतो, आणि न सांगता गोळीसोबत घेतली तर मात्रा नकळत वाढते. 'पाच वर्षं' मात्र खरं नाही. आफ्रिकेत घानामधल्या रुग्णांना गोळी उशिरा मिळायची. त्यांची इटलीतल्या रुग्णांशी तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अंग वेडंवाकडं हलायला लागण्याचा काळ गोळी किती वर्षं घेतली यावर नव्हे, तर आजाराला किती वर्षं झाली आणि रोजची मात्रा किती यावर अवलंबून दिसला. उशिरा सुरू केल्याने ती वर्षं शिल्लक राहत नाहीत, फक्त मधली चांगली जाऊ शकणारी वर्षं अडखळत जातात.

शरद_वै

तुलनेचं मला माहीत नव्हतं. पण डॉक्टर, चुलत्यांचं मी डोळ्यांनी पाहिलंय, मात्रा वाढवत वाढवत नेली होती. तेव्हा सुरुवात कमी मात्रेने करावी, एवढं तरी माझं धरा.

कृष्णाकाठ

ते पूर्ण मान्य. लागेल तेवढीच.

माईंची_सून

जाई, मी नाशिकला असते. सासूबाईंना हा आजार होऊन अकरा वर्षं झाली. तू पुढचं विचारलंस म्हणून सांगते, पण हे माईंचं आहे. आबांचं असंच होईल असं नाही.

पहिली चार-पाच वर्षं बरी गेली. गोळी सुरू झाल्यावर माई पुन्हा पोळ्या लाटायला लागल्या. नंतर गोळीचा असर जेवढा वेळ टिकायचा तो कमी होत गेला. सातची गोळी आधी दुपारपर्यंत पुरायची, मग साडेदहालाच पाय जड व्हायचे. तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खुणा केल्या: गोळी किती वाजता, कधी मोकळ्या झाल्या, कधी अडकल्या, काय खाल्लं होतं. पंधरा दिवसांनी मलाच दिसलं की ज्या दिवशी गोळी वरण-भातासोबत किंवा दुधासोबत गेली त्या दिवशी ती लागूच झाली नव्हती. प्रथिनं आणि गोळी आतड्यातून आत शिरायला एकाच दारावर भांडतात, असं डॉक्टरांनी समजावलं. आता गोळी जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर किमान तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर. डाळ-दही बंद केलं नाही, फक्त जास्तीचं रात्रीच्या जेवणात नेलं. त्या कॅलेंडरमुळे डॉक्टरांनी एकूण मात्रा न वाढवता वेळा जवळ आणल्या.

सातव्या वर्षी त्या उंबरठ्यावर अडकायला लागल्या. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. आमचे हे हात धरून ओढायचे आणि दोघंही पडता पडता वाचायचे. ओढायचं नाही गं. थांबायचं, वजन एका पायावर घ्यायला सांगायचं आणि पुढे ओलांडायला काहीतरी द्यायचं. मी दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात, वीतभर अंतराने. सपाट फरशीवर अडकणाऱ्या माई पट्टी मात्र ओलांडतात! मला अजूनही नवल वाटतं.

सगळ्यात वाईट अनुभव दवाखान्यातला. खुब्याचं हाड मोडलं म्हणून दाखल केलं होतं. नाव घेत नाही. गोळ्या वॉर्डाच्या वेळेप्रमाणे, म्हणजे सकाळ-दुपार-रात्र, आणि उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी माई लाकडासारख्या ताठ, गिळता येईना. तेव्हापासून फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत चिकटवलंय: गोळ्यांच्या वेळा, त्या का चुकवायच्या नाहीत आणि कोणती औषधं द्यायची नाहीत. अचानक एका दिवसात तब्येत ढासळली तर आजार वाढला असं समजू नकोस. लघवी तपास. आमच्याकडे दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग निघालाय.

आणि चेहरा. माईंचा चेहरा हळूहळू हलेनासा झाला. पाहुणे म्हणायचे, आजी रागावल्यात का? नातवंडं जवळ जाईनात. मीसुद्धा पहिली दोन वर्षं मनात धरलं, हे आता लिहिताना वाईट वाटतं. रागावलेल्या नव्हत्या त्या, गालांचे स्नायू साथ देत नव्हते. आबांचा आवाजही बारीक झाला, तर फोनवर 'जोरात बोला' म्हणून खेकसू नका.

बोरीवलीकर

माझ्या मते आबांना आजाराचं नाव सांगू नये. माझ्या वडिलांना सांगितलं आणि त्यांनी हाय खाल्ली, फिरायला जाणंच बंद केलं. 'नस दबलीय' म्हणून औषध द्या, काय बिघडतं?

माईंची_सून

नाही पटत. गोळी मिनिटावर घ्यायची, व्यायाम रोज करायचा, हे नस दबलेल्या माणसाने का करावं? आमच्या माईंना कळलं तेव्हा आठवडाभर रडल्या. मग पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाबद्दल कळलं, आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून जरा सावरल्या.

बोरीवलीकर

ज्याचा त्याचा स्वभाव असतो ताई. बाबांना ते पेललं नाही. मी आजही नसतं सांगितलं.

कृष्णाकाठ

बोरीवलीकर, हाय खाणं हे काही वेळा आजाराचंच लक्षण असतं. उदासी यात पुष्कळदा येते, थरथरीच्या आधीसुद्धा, आणि तिच्यावर औषध आहे. वडिलांच्या डॉक्टरांना तेवढं नक्की विचारा.

जाई_कराड (साडेतीन महिन्यांनी)

मधल्या काळात लिहायला जमलं नाही. कळवायचं राहून गेलं म्हणून आज बसले.

कॅप्सूल थांबवली, त्याला आता साडेतीन महिने झाले. पहिले तीन आठवडे काहीच नाही. मग आई म्हणाली की आबांच्या चेहऱ्यावर हसू दिसायला लागलंय. पाचव्या आठवड्यात चाल सुटली, डाव्या अंगाला जो थोडा जडपणा आला होता (तो आम्हाला गेल्यावरच कळला) तो गेला. उजव्या हाताची थरथर निम्म्यावर आली आणि तिथेच थांबली. उजवा हात चालताना अजून झुलत नाही. टिचक्या तशाच आक्रसतात.

न्यूरॉलॉजिस्टनी वह्या पंधरा मिनिटं बघितल्या. वास आणि झोपेचं विचारलं, आईने सगळं सांगितलं. त्यांचंही मत पार्किन्सन्स असंच आहे, सुरुवातीचा. आबांनीच विचारलं, 'काय नाव म्हणालात?' मग डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्यामुळे सांगू की नको हा प्रश्न आमच्या हातात उरलाच नाही. परतीच्या वाटेवर गाडीत आबा गप्प होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, 'उद्यापासून तू पलंगावर झोप, मी खाली झोपतो. पडलो तरी पडायला जागा नाही.'

लेव्होडोपा-कार्बिडोपाची अर्धी गोळी दिवसातून तीनदा सुरू झालीय. दोन आठवडे झाले. भावाचं म्हणणं मुंबईला नेऊन स्कॅन करू, त्याशिवाय तो मानायला तयार नाही. आबा म्हणतात, वह्या पुरेशा आहेत. यावर अजून घरात एकमत नाही.

काल त्यांनी माझ्या मुलाच्या शर्टाचं माप घेतलं. वहीत आडव्या रेघा स्वतः आखल्या, दोन्ही बाजूंनी, आणि अक्षर रेघेला टेकवत लिहिलं. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं म्हणे. 'कॉलर १३' शेवटपर्यंत वाचता येतं.

आता एक साधा प्रश्न. सकाळच्या गोळीनंतर त्यांना मळमळतं. काहीतरी खाऊन घेतली तर चालेल ना? आई दूध देते.

कृष्णाकाठ

पहिले काही आठवडे मळमळ होते, बहुतेकांची कमी होते. फार झाली तर डोमपेरिडोन देता येतं, ते मेंदूत फारसं शिरत नाही. पण ते हृदयाचा आलेख बघून, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलमधून उलटीची गोळी आणू नका. आणि उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसू द्या. ही गोळी आणि रक्तदाबाची गोळी मिळून उभं राहिल्यावर दाब खाली आणू शकतात. बसून आणि उभं राहून, दोन्ही मापून लिहून ठेवा.

माईंची_सून

दूध नको गं जाई. दोन मारी बिस्किटं किंवा अर्धं केळं, आणि पाणी भरपूर. सातला गोळी, साडेसातला नाश्ता. दूध प्यायचंच असेल तर नऊ वाजता.